सोमवारच्या ओळीत फक्त मराठी

लेकीच्या पाचवीचं वेळापत्रक शाळेनं पालकांच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा त्यात सगळ्यात स्पष्ट काय दिसत होतं, तर बाईंचा अंगठा. वहीच्या पानावर पेनानं आखलेला तक्ता, त्याचा तिरका काढलेला फोटो, गुरुवारावर ट्यूबलाइटचा चकाकणारा पट्टा आणि खाली तो अंगठा, शनिवारचे दोन तास झाकून बसलेला. अर्ध्या तासात दुसरा फोटो आला, ‘सुधारित’. संध्याकाळी तिसरा, ‘अंतिम’. दुसऱ्या दिवशी ‘अंतिम सुधारित’. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणत मी फोन टेबलावर आपटला.

मी वडप्याच्या एका गोदामात नोकरी करते. कुठला माल कुठल्या दिवशी कुठल्या गाडीत चढणार, याचा आठवड्याचा तक्ता बनवणं हे माझं काम. माझ्या तक्त्यावर पन्नास माणसं आणि तितकेच कंटेनर हलतात. तक्ता चुकला तर हायवेपर्यंत गाड्या तुंबतात. तेव्हा एका वर्गाचे आठ तास आणि सहा वार ज्यांना एका पानावर धड मांडता येत नाहीत, अशा लोकांच्या हाती आपण पोरं सोपवतो, हा विचार मनात आला तर त्यात माझं काय चुकलं?

ग्रुपवर एकीनं विचारलं, ‘कोणी छान कलरफुल बनवून टाकेल का? घरी प्रिंट काढून भिंतीवर लावता येईल.’ लगेच एक बाप पुढे सरसावला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, म्हणजे आपल्याला संगणकातलं सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत. त्यानं टाकलेलं वेळापत्रक म्हणजे गडद निळं आकाश, त्यावर चांदण्या, एक शिंगवाला घोडा आणि पांढऱ्या वळणदार अक्षरांत विषय. फोनवर बघून बायकांनी टाळ्यांची रांग लावली. मी गंमत बघत बसले. घरचा प्रिंटर म्हणजे काय छापखाना आहे का? सगळं पान निळं करायचं म्हणजे शाई ओतायची. कागद ओला होतो, वाळताना त्याला लाटा येतात, आणि पांढरी बारीक अक्षरं त्या निळ्यात बुडून मरतात. दुसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज, ‘माझा प्रिंटर खराब झालाय का? पट्टे येतायत.’ नाचता येईना अंगण वाकडं. मी उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले.

हे सगळं लेकीसाठी होतं असं म्हणायला हरकत नाही, पण खरं म्हणजे ते आप्पांसाठी होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे. अकलोलीच्या बाजूच्या गावातून शिकून वर आलेले, जिल्हा परिषदेच्या शाळांत सदतीस वर्षं मास्तरकी केलेले. सासूबाई गेल्यापासून त्यांनी घरात एकच काम स्वतःहून मागून घेतलं होतं: नातीचं दप्तर भरायचं. तिची शाळा दुपारची. मी साडेआठला कंपनीच्या बससाठी नाक्यावर जाते, नवरा नऊला बँकेत जातो. मग आप्पा दहाला दप्तर घेऊन बसतात. वेळापत्रक बघून एकेक वही काढणार, पुसणार, पेन्सिलीला टोक करणार आणि बारा वाजता तिला शाळेत सोडणार. पहिलीपासून हेच. चौथीपर्यंत एकच बाई सगळं शिकवायच्या, तेव्हा दप्तरात काय असलं नि काय नसलं, कोणी विचारत नव्हतं. पाचवीत विषयागणिक शिक्षक वेगळे, वह्या वेगळ्या, आणि वही नसली की डायरीत शेरा. आप्पांनी त्या अंगठ्याच्या फोटोकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, “अगं, एवढं मोठ्या अक्षरात करून दे मला. बाकी मी बघतो.”

तर मी बसले. काम कसं करावं हे या शहाण्यांना कळावं म्हणून सांगते. आधी पान ठरवायचं: ए-फोर, आडवं. आधी तक्ता रंगवून मग पान शोधणारे लोक शेवटी शनिवार दुसऱ्या पानावर पाठवतात. मग प्रत्येक विषयाला एक रंग, आणि तोच रंग आठवडाभर. मराठीला गुलाबी, गणिताला निळसर, इंग्रजीला पिवळा, हिंदीला नारिंगी, परिसर अभ्यासाला पोपटी. सगळे रंग पातळ ताकासारखे फिके, वर अक्षरं काळी आणि ठळक. म्हणजे शाई कमी लागते, कागद ओला होत नाही, आणि कोणी काळ्या-पांढऱ्यात छापलं तरी अक्षर वाचता येतं. एकेक चौकोन हातानं रंगवत बसायला मी काही मोबाइलचं दुकान चालवत नाही. ‘मराठी’ टाइप केलं की चौकोन आपोआप गुलाबी होईल असा नियमच लावून टाकला. वह्यांच्या पाठीवर त्याच रंगांचे कागद चिकटवले.

शाळेच्या तक्त्यात वार डाव्या बाजूला खाली खाली उतरत होते आणि तास आडवे. मी ते उलटं केलं. आमच्या गोदामात वार नेहमी वर असतात, आणि सहा वार आडव्या पानावर पसरले की चौकोन ऐसपैस होतात. डावीकडे तासांचे आकडे टाकले, एक ते आठ, जाड. वेळा काढून टाकल्या, मधल्या सुट्टीची ओळही काढली. सुट्टी कधी होते हे पोरांना घड्याळापेक्षा आधी कळतं. त्या जागेत अक्षरं मोठी झाली. वरची वारांची ओळ मात्र फिकट राखाडी अक्षरांत ठेवली. कंपनीनं ठाण्याला एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं, तिथे एका टायवाल्यानं सांगितलं होतं की शीर्षकानं ओरडायचं नसतं, मजकुराला बोलू द्यायचं असतं. मला ते फार पटलं होतं.

पहिल्या छपाईत शनिवारची कड कापली गेली. घरचे प्रिंटर कागदाच्या अगदी टोकापर्यंत छापत नाहीत, एका बाजूला तर जरा जास्तच कोरी जागा सोडतात, आणि मी जागा वाचवायला समास अगदी चिमूटभर ठेवले होते. चारी बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर सोडले, सगळं एका पानावर बसवण्याची खूण केली, पुन्हा पीडीएफ काढली. पानं किती ते बघितलं: एक. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद लेटर होता, तो ए-फोर केला. हे लेटर नावाचं माप आपल्याकडे कुठल्या दुकानात मिळतं ते मला आजवर दिसलेलं नाही, पण ते प्रिंटरच्या पोटात बसलेलं असतंच. दुसरं पान सुरेख आलं. पहिला तास रोज वर्गशिक्षिकेचा, म्हणजे रोज मराठी, म्हणून वरची ओळ सबंध गुलाबी. खाली गणिताची निळी ओळ. मग रंगांची सरमिसळ. ग्रुपवर टाकलं तर नुसता कौतुकाचा पाऊस. दुकानवाल्या बापानंसुद्धा वर केलेला अंगठा पाठवला. नारपोलीच्या एका बाईनं तेवढा आवाजी निरोप पाठवला, “दीदी, बहुत अच्छा आहे, पण याच्यात वार किधर आहेत?” मी लिहिलं, ‘वर बघा.’ आणि नवऱ्याला म्हटलं, “डोळे आहेत का बटणं?”

आप्पांना द्यायची प्रत नवऱ्यानं छापली. त्याची एक सवय आहे, प्रिंटर कायम ड्राफ्टवर, म्हणजे फिकट छपाईवर ठेवायचा. शाई वाचते म्हणे. काळी ठळक अक्षरं ड्राफ्टमध्येही दिसतात, म्हणून मी काही बोलले नाही.

सोमवारी सकाळी मी चपला घालत होते आणि आप्पा ते पान खिडकीपाशी धरून उभे होते. म्हणाले, “अगं, यात वार कसे वाचायचे?” बस येऊन हॉर्न मारत असते आणि नेमकं तेव्हाच या घरातल्या सगळ्यांना प्रश्न पडतात. मी म्हटलं, “आप्पा, लहान मूलसुद्धा वाचेल असं केलंय. रंग बघा नुसते. त्यात काय विचारायचं?” ते “बरं” म्हणाले. मी गेले.

त्या दिवशी लेकीच्या डायरीत पहिला शेरा आला: ‘गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, हिंदी, वह्या आणल्या नाहीत.’ दप्तर उघडलं तर आत एकटी मराठीची वही, पुस्तक आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “आजोबांनी एवढंच दिलं. मी विचारलं तर म्हणाले, आईनं बनवलंय तसंच भरलंय.” मी आप्पांकडे गेले. “आप्पा, वेळापत्रक बघितलंत ना?” ते म्हणाले, “बघितलं की.” “मग?” ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून गप्प आहेत. मास्तर मंडळींचं असंच असतं, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढायच्या आणि स्वतःची आली की चष्मा पुसायचा.

मंगळवारी दप्तरात गणित. आणि पीटीचे बूट, जे शनिवारी लागतात. बुधवारी इंग्रजी, हिंदी, बस्स. तीन दिवसांत तीन शेरे, आणि तिसऱ्याखाली: ‘पालकांनी शनिवारी भेटावे.’ लेक बुधवारी रडत आली. वर्गात उभं केलं होतं तिला, आणि कोणीतरी तिला “खाली दप्तरवाली”, म्हणजे रिकाम्या दप्तराची, म्हणालं होतं. आता मात्र माझं डोकं फिरलं. एवढे रंग केले, वह्यांवर कागद चिकटवले, पाळण्यातलं पोर बरोबर वही उचलेल असं सगळं सोपं करून दिलं, आणि सदतीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला ते वाचता येऊ नये?

“आप्पा, आज वार कोणता?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बुधवार,” म्हणाले. आणि मग, “मला वार कळतात गं.”

जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, मला वाटलं होतं हळू म्हटलं, “मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मागे ते पंख्याचं बटणसुद्धा विसरले होते.” पंख्याचं बटण मीसुद्धा विसरते, नवरा तर रोज विसरतो. पण नवरा मान डोलावत म्हणाला, “वय झालंय गं.” त्याला स्वतःचं असं मत फार क्वचित असतं, आणि तेही मी आधी मांडलेलं असावं लागतं. त्यानं कल्याणच्या एका डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. आणि मी आप्पांना सांगितलं, “उद्यापासून दप्तर मी भरत जाईन. तुम्ही फक्त तिला सोडा.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वाद घातला. “न्हाय, ते मी भरतो,” ते म्हणाले. शाळेतलं शुद्ध बोलणारा माणूस, घरात त्यांच्या तोंडी गावचा ‘न्हाय’ मी फक्त सासूबाई गेल्या त्या दिवशी ऐकला होता. “तेवढं काम राहू दे माझ्याकडं. मी नीट बघीन.” मी म्हटलं, “तुम्ही नीट बघता आणि शेरे पोरीला मिळतात. नको.” ते उठले, ते पान घडी करून खिशात घातलं आणि आपल्या खोलीत गेले. गुरुवारी आणि शुक्रवारी मी साडेसातला दप्तर भरलं. दोन मिनिटांचं काम. आप्पा दहा वाजता करायचे काय, हे मला माहीत नाही. लेक म्हणाली, नुसते बसतात.

शनिवारी शाळा सकाळची. मला दुसऱ्या शनिवारची सुट्टी असते, म्हणून मी साडेअकराला पोचले. आप्पा लेकीला घ्यायला आधीच तिथे आले होते, व्हरांड्यात उभे, कडक इस्त्रीचा सदरा घालून. वर्गशिक्षिका जेमतेम अठ्ठावीस-तीस वर्षांच्या. त्याच त्या अंगठ्याच्या मालकीण. टेबलावर डायऱ्यांचा ढीग, शेजारी माझंच रंगीत वेळापत्रक काचेखाली लावलेलं, यात तुमचा अंगठा कसा आला नाही म्हणून विचारायची मला फार इच्छा झाली. त्या म्हणाल्या, “मॅडम, एवढं सुंदर टाइमटेबल तुम्हीच बनवलं आणि तुमच्याच मुलीकडे वह्या नाहीत. दप्तर घरी कोण भरतं?”

शरमेनं मला काही सुचेना, आणि असं काही सुचेनासं झालं की मी समोर जो सापडेल त्याच्यावर टाकते. मी म्हटलं, “सासरे भरायचे. त्यांना आता आठवत नाही काही. डॉक्टरांकडे नेतोय.”

आप्पा दारात उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, चेहरा मऊ केला आणि म्हणाल्या, “अच्छा, अच्छा. मग ठीक आहे.” दोन मुलांच्या आया मागे खुर्च्यांवर होत्या, त्यांनीही बघितलं. आप्पांनी बाईंना नमस्कार केला. वर्गाच्या उंबऱ्यावर सदतीस वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी कधी बघितलं नसेल. परत येताना ते लेकीचा हात धरून पुढे चालत होते आणि मी मागे. नाक्यावर कंटेनरांची रांग लागली होती. मला वाटत होतं, बरं झालं, एकदाचं सांगून टाकलं.

रविवारी सकाळी आप्पा स्वयंपाकघरात आले. मी पोहे भिजवत होते. त्यांनी खिशातून ते घडी घातलेलं पान काढलं, ओट्यावर पसरलं, चष्मा लावला. म्हणाले, “डॉक्टर विचारतील, म्हणून तुला एकदा वाचून दाखवतो. चुकत असेन तर सांग.” आणि त्यांनी ‘१’ या जाड आकड्यावर बोट ठेवलं.

“सोमवार,” ते म्हणाले, आणि बोट आडवं सरकवत गेले. “मराठी, मराठी, मराठी, मराठी, मराठी, मराठी. सगळं गुलाबी. म्हणजे दिवसभर मराठी.” बोट खाली आलं, ‘२’वर. “मंगळवार. गणित, गणित, गणित, गणित, गणित. शेवटी शारीरिक शिक्षण. म्हणून बूट दिले.” तिसऱ्या ओळीवर आले. “बुधवार. इंग्रजी, हिंदी, इंग्रजी, हिंदी, हिंदी, इंग्रजी.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मला विचित्र वाटलं. पण हल्ली दप्तराचं ओझं कमी करा म्हणतात ना, म्हटलं शाळेनं एका दिवसाला एक-एक विषय ठेवला असेल. सात आणि आठ कशाला आहेत, ते कळलं नाही. विचारणार होतो.”

मी त्या पानाकडे बघितलं. वारांची ओळ होती कुठे? मी खिडकीपाशी नेलं तेव्हा दिसली. ड्राफ्टमध्ये छापलेलं फिकट राखाडी, पांढऱ्या कागदावर नुसती धुळीची रेघ. माझ्या डोळ्यांनासुद्धा शोधावी लागली. वार नाहीत, वेळा नाहीत, सुट्टी नाही, डावीकडे एकापासून चढत जाणारे जाड आकडे, आणि रंगांचे आडवे पट्टे. जन्मभर त्यांनी भिंतीवर जे वेळापत्रक लावलं त्यात वार डावीकडे खाली उतरत आणि तास आडवे चालत. शाळेच्या त्या अंगठ्याच्या फोटोतही तसंच होतं. ते आडवं वाचत होते, आणि मी केलेले रंग त्यांना सांगत होते की बरोबर वाचतोयस. रंग बघा नुसते, असं मीच म्हटलं होतं. नारपोलीच्या बाईंनाही दिसलं होतं की वार दिसत नाहीत, त्यांना मी ‘वर बघा’ म्हटलं होतं. ज्यांच्या तक्त्यावर पन्नास माणसं हलतात, त्या बाईसाहेबांना एका म्हाताऱ्या माणसाला वार कोणता ते सांगता आलं नाही, आणि वर त्यालाच विचारत होत्या, आज वार कोणता.

“आप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही बरोबर वाचलंत. मी चुकीचं केलंय.”

त्यांना समजायला वेळ लागला. मी खिडकीत धरून तो राखाडी ‘सो’ दाखवला, ‘मं’ दाखवला. त्यांनी कागद नाकापर्यंत नेला. “हे वार आहेत होय,” ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून, “मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“पुन्हा विचारलं असतं. पण तू चिडतेस.”

मी पोहे तसेच ठेवून लॅपटॉप उघडला. तक्ता फिरवला: वार डावीकडे, काळे, पूर्ण लिहिलेले, सोमवार ते शनिवार, प्रत्येक वाराखाली जाड रेघ. तास वर, त्याखाली वेळा. मधल्या सुट्टीचा रकाना परत आणला. त्यानं चौकोन अरुंद झाले, ‘परिसर अभ्यास’ दोन ओळींत मोडावं लागलं, आणि माझी सगळी शोभा गेली. ड्राफ्ट काढून टाकला. छापलेलं पान हातभर लांब धरून बघितलं आणि मगच आप्पांना दिलं. त्यांनी ओट्यावर ठेवून सोमवारवरून बोट नेलं: “मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, सुट्टी, हिंदी...” एकदाही अडखळले नाहीत. “आता नीट आहे,” म्हणाले.

“मग उद्यापासून तुम्ही भरा. आणि कल्याणला जायचं काही नाही.”

ते पानाची घडी घालू लागले. “भरीन. पण शाळेत तू सांगून आलीस, ते कसं पुसणार?”

नवीन पीडीएफ मी ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, ‘आधीच्यात वार दिसत नव्हते, चूक माझी.’ तीनच जणांनी बघितलं. नारपोलीच्या बाईंनी हात जोडलेले पाठवले.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा काढली. आप्पांनी दहाला दप्तर भरलं. मी बघत बसले नाही, मुद्दाम आत गेले. पण नंतर लेकीनं एकेक वही मोजून दाखवली, सगळ्या होत्या. बारा वाजता आम्ही तिघं शाळेत गेलो. वर्गशिक्षिका फाटकापाशीच मुलांना ओळीत घेत होत्या. मी आप्पांसमोर, मुद्दाम मोठ्यानं, बाईंना सगळं सांगितलं: वेळापत्रक मी चुकीचं बनवलं होतं, वार दिसतच नव्हते, पानावर जे छापलं होतं तेच आप्पांनी बरोबर वाचलं, त्यांना सगळं आठवतं, शनिवारी मी बोलले ते खोटं होतं. नवीन पान बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ऐकून घेतलं. माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “मॅडम, मी समजू शकते. माझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. घरातल्यांना मान्य करायला जड जातं.” मग त्या आप्पांकडे वळल्या, थोड्या वाकल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून विचारलं, “काय आजोबा, जेवण झालं का?”

मी तोंड उघडलं होतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग बाईंना नमस्कार केला.

“झालं, बाई,” ते म्हणाले.